वीस टक्के, पण कशावर?

आजचा एपिसोड एका प्रश्नावर आहे आणि प्रश्न ऐकायला अगदी सातवीच्या पुस्तकातला वाटेल. एक वस्तू दुकानदाराला १६० रुपयांना पडली. त्याला विक्रीच्या किमतीवर २० टक्के नफा हवाय. ती त्याने कितीला विकायची?

पॉज करा, मोबाईलवर हिशोब करा आणि मग पुढे ऐका. बहुतेकांचं उत्तर १९२ येतं. १६० चे वीस टक्के ३२, ते मिळवले की १९२, विषय संपला. पण बरोबर उत्तर २०० आहे. हा आठ रुपयांचा फरक कुठून येतो आणि तो एका चालत्या दुकानाला महिन्याला दहा हजारांचा खड्डा कसा पाडतो, ते आज बघू.

दुकान हार्डवेअरचं आहे. बिजागऱ्या, कड्या, टॉवर बोल्ट, ॲल्ड्रॉप, नळ, खिळे असा माल. दुकान चालवणारे काका आमच्या ओळखीतले. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून त्यांनी मला बोलावलं ते एक्सेल दुरुस्त करायला. त्यांचं म्हणणं असं होतं, "अरे, तुझ्या त्या शीटमध्ये काहीतरी गडबड आहे. मी प्रत्येक वस्तूवर वीस टक्के लावतो, गल्ल्यातून वीस टक्केच काढतो, तरी दर महिन्याला होलसेलवाल्याचं पेमेंट करताना पैसे कमी पडतात. कोणी चोरतंय का?"

कोणी चोरत नव्हतं आणि शीटही बिघडलेली नव्हती. काकांची पद्धत नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यातच आहे. भाव ठरवताना ते खरेदीच्या किमतीवर वीस टक्के चढवायचे. महिनाअखेरीला मात्र एकूण विक्रीच्या वीस टक्के रक्कम नफा म्हणून बाजूला काढायचे. त्यातून दुकानाचं भाडं, पोराचा पगार, लाईट बिल आणि घरखर्च. उरलेले ऐंशी टक्के मालाच्या पेमेंटसाठी. दोन्हीकडे आकडा वीसच, पण एकदा तो खरेदीवर आहे आणि एकदा विक्रीवर.

खरेदीवर काढलेल्या टक्क्याला मार्कअप म्हणतात आणि विक्रीवर काढलेल्या टक्क्याला मार्जिन. रुपयांत नफा तोच असतो, फक्त भागायचं कशाने ते बदलतं. १९२ ला विकलेल्या ॲल्ड्रॉपमध्ये नफा ३२ रुपये. ३२ ला १६० ने भागलं तर वीस टक्के, हा मार्कअप. ३२ ला १९२ ने भागलं तर १६.६७ टक्के, हे मार्जिन.

आता काकांचा महिना घ्या. सगळे आकडे जीएसटी सोडून आहेत. विक्री ३ लाख. सगळ्या मालावर वीस टक्के मार्कअप, म्हणजे त्या मालाची खरेदी अडीच लाख आणि नफा ५० हजार. काका काढायचे ३ लाखांचे वीस टक्के, म्हणजे ६० हजार. होलसेलवाल्यासाठी उरायचे २ लाख ४० हजार आणि द्यायचे असायचे अडीच लाख. दर महिन्याला १० हजारांची तूट. ती भरून काढायला ते कधी उधारी लांबवायचे, कधी घरातून पैसे आणायचे. माल व्यवस्थित खपत होता, गिऱ्हाईक तुटलेलं नव्हतं, म्हणून त्यांना चोरीचा संशय आला. बरं, विक्री वाढली की तूटही वाढते, कारण ती विक्रीच्या ३.३३ टक्के आहे. दिवाळीच्या आधी लोक घराची कामं काढतात, तेव्हा जास्त धंदा व्हायचा आणि त्याच महिन्यात जास्त पैसे कमी पडायचे. यानेच ते सगळ्यात जास्त वैतागले होते.

मी काकांना विचारलं, "तुम्हाला वीस टक्के नक्की कशावर हवेत?" ते म्हणाले, "गल्ल्यात आलेल्या प्रत्येक शंभरातले वीस माझे. मला भाडं, पगार सगळं गल्ल्यातूनच द्यायचंय, मी खरेदीचा आकडा कुठे बघत बसू?" मला हे अगदी पटलं. दुकानदाराला रोज समोर दिसते ती विक्री. त्यामुळे विक्रीवर टक्का ठरवणं ही सोयीची पद्धत आहे. फक्त मग भावही त्याच पद्धतीने काढायला पाहिजे.

शाळेत आपल्याला शेकडा नफा नेहमी खरेदी किमतीवर काढायला शिकवलं. परीक्षेला ते बरोबर. पण ती सवय इतकी मुरलेली असते की "वीस टक्के" ऐकलं की बोट आपोआप खरेदीच्या आकड्याकडे जातं.

विक्रीवरचा टक्का काढायला गेलं की आधी एक गंमत होते. काकांनी ती स्वतःच पकडली. म्हणाले, "विक्रीचे वीस टक्के काढायचे तर विक्रीची किंमत माहीत पाहिजे. आणि विक्रीची किंमत काढायची तर नफा माहीत पाहिजे. कोंबडी आधी का अंडं?" एक्सेलमध्ये हे जसंच्या तसं लिहिलंत तर ते सर्क्युलर रेफरन्सची वॉर्निंग देतं, कारण सेल स्वतःवरच अवलंबून होतो.

तरी आम्ही ते हाताने करून बघितलं. १६० वर ३२ चढवले, १९२ झाले. १९२ चे वीस टक्के ३८ रुपये ४० पैसे, म्हणजे किंमत १९८.४० पाहिजे. १९८.४० चे वीस टक्के ३९.६८, म्हणजे किंमत १९९.६८. पुन्हा केलं तर १९९.९४. प्रत्येक फेरीत आधी कमी पडलेला थोडा भाग भरला जातो आणि आकडा २०० पाशी जाऊन थांबतो. १९२ ही या गणिताची फक्त पहिली पायरी आहे. काका इतकी वर्षं पहिल्या पायरीवरच उतरत होते.

सरळ रस्ता उलटा आहे. विक्रीची किंमत शंभर धरा. त्यातले वीस माझे, म्हणजे मालाचे ऐंशी. खरेदी ही विक्रीच्या ऐंशी टक्के आहे. मग खरेदीला ०.८० ने भागा, विक्री मिळेल. १६० भागिले ०.८० बरोबर २००. ताळा करायचा तर २०० चे वीस टक्के ४०, २०० वजा ४० बरोबर १६०. जुळलं.

काकांना दशांशाने भागणं आवडलं नाही. "कॅल्क्युलेटर नसला तर?" मग मी म्हटलं, ऐंशीचे शंभर करायला किती चढवावे लागतात? वीस. वीस म्हणजे ऐंशीचा चौथा हिस्सा. म्हणजे खरेदीवर पाव चढवायचा. काकांचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे सव्वापट! सरळ सांग ना!" त्यांच्या वडिलांना पावकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ होत्या, त्यांनाही थोड्याफार येतात. तर विक्रीवर वीस टक्के हवे असतील तर खरेदीच्या सव्वापट. विक्रीवर तेहतीस टक्के, म्हणजे तिसरा हिस्सा हवा असेल तर दीडपट. निम्मा हवा असेल तर दुप्पट. माझ्या मते हार्डवेअरच्या काउंटरवर सूत्रापेक्षा ही भाषा जास्त कामाची, कारण गिऱ्हाईक समोर उभं असताना ०.८० ने भागायला कोणी थांबत नाही.

ज्यांना शीटमध्ये करायचंय त्यांच्यासाठी सूत्र. B2 मध्ये खरेदी, C2 मध्ये विक्री:

```
C2:  =B2/(1-20%)
D2:  =(C2-B2)/C2
```

D2 हा ताळा आहे, तिथे २० टक्केच दिसायला पाहिजेत. काकांच्या जुन्या शीटमध्ये C2 ला `=B2*(1+20%)` होतं. ते सूत्र मार्कअपचं आहे. चुकीचं नाही, पण काकांना हव्या त्या प्रश्नाचं उत्तर नाही.

इथे एक छोटं विषयांतर, कारण मला हे भारी वाटलं. काकांच्या टेबलावर जुना डेस्क कॅल्क्युलेटर होता, MU बटण असलेला. असे सिटिझनचे कॅल्क्युलेटर तुम्ही दुकानांत बघितले असतील. त्यातल्या अनेक मॉडेलवर १६०, मग भागाकाराचं चिन्ह, मग २० आणि मग MU दाबलं की थेट २०० येतं. म्हणजे विक्रीवरचा टक्का काढायची सोय काकांच्या हाताशी इतकी वर्षं होती, आणि त्यांनी ते बटण कधी दाबलंच नव्हतं. साध्या % बटणाचंही असंच आहे. मोबाईलवर १०० + २० % केलं की १२० येतात, पण काही डेस्क कॅल्क्युलेटर त्यालाच १२५ दाखवतात, कारण ते विक्रीवरचा टक्का धरतात. तुमच्या दुकानातल्या मशीनवर एकदा हे करून बघा. १२० आले तर ते मार्कअप देतंय, १२५ आले तर मार्जिन.

आता जीएसटी. इथे वीस टक्क्यांचा हिशोब पुन्हा घसरू शकतो आणि या वेळी घसरण फार मोठी असते. काका रेग्युलर जीएसटीत आहेत, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट त्यांना मिळतं. समजा त्या ॲल्ड्रॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. होलसेलवाल्याचं बिल येतं १६० अधिक २८.८०, म्हणजे १८८.८०. त्यातले २८.८० क्रेडिटमध्ये वळते होतात, म्हणून काकांची खरी खरेदी १६० च. विक्री २००, त्यावर कर ३६, गिऱ्हाइकाने द्यायचे २३६. त्या ३६ पैकी काकांचं काहीच नाही, ते सरकारचे. म्हणून मार्जिन २३६ वर काढायचं नाही, २०० वर काढायचं.

गिऱ्हाईक मात्र विचारतं, "सगळं धरून किती?" आणि काका सवयीने म्हणायचे, "दोनशे द्या." दोनशेत कर धरलेला असेल तर २०० भागिले १.१८, म्हणजे काकांच्या हातात १६९ रुपये ४९ पैसे. खरेदी १६०. नफा साडेनऊ रुपये, विक्रीच्या ५.६ टक्के. वीस टक्के समजून विकलेल्या वस्तूत सहा टक्केही सुटले नाहीत. मी काकांना सांगितलं की तोंडी सांगायचा भाव नेहमी करासकट काढून ठेवा, त्याचा शीटमध्ये वेगळा कॉलम करा, आणि राउंड करायचं तर वरच्या बाजूला करा:

```
E2:  =CEILING(C2*1.18,5)
```

हे २३६ चे २४० करतं. खाली राउंड केलं तर सुटलेले रुपये मालाच्या ऐंशीमधून जात नाहीत, ते तुमच्या वीसमधून जातात.

ज्यांचं दुकान कंपोझिशन स्कीममध्ये आहे त्यांच्यासाठी हे वेगळं आहे. त्यांना खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा करही घेता येत नाही. मग त्यांची खरेदी १८८.८० च धरायची. शिवाय व्यापाऱ्याला विक्रीवर एक टक्का स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. हा एक टक्काही विक्रीवरचाच आहे, म्हणून तो खालीच वजा करायचा: १८८.८० भागिले ०.७९, म्हणजे २३९ रुपये. कार्ड मशीनचं कमिशन, कोणाला द्यायची दलाली, विक्रीवर टक्क्याने जाणारी प्रत्येक गोष्ट अशीच छेदात जाते. टेम्पोभाडं आणि हमाली मात्र वर, खरेदीत मिळवायची. माल दुकानाच्या दारात पोचेपर्यंत जे पडलं ते सगळं खरेदी.

मग येते घासाघीस. हार्डवेअरमध्ये सुतार, प्लंबर, मिस्त्री हे रोजचे गिऱ्हाईक, आणि "काका, दहा टक्के कमी करा" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दहा टक्के ऐकायला वीसच्या निम्मे वाटतात, तरी काकांना वाटायचं की आपल्याकडे अजून दहा टक्के राहतात, ठीक आहे. हिशोब करू. २०० चे दहा टक्के कमी, १८०. खरेदी १६०. नफा २० रुपये. आधी ४० होता, म्हणजे नफा बरोबर अर्धा झाला. तेवढेच रुपये कमवायला आता एकाऐवजी दोन ॲल्ड्रॉप विकावे लागतील. सवलत विक्रीच्या पूर्ण किमतीवर दिली जाते, पण ती जाते सगळी नफ्यातून, खरेदीतला एक रुपयाही होलसेलवाला त्यासाठी सोडत नाही.

ज्या मालात सवलत द्यावीच लागते तिथे ती आधी धरायची. २०० हातात यायला हवेत आणि दहा टक्के सोडायचेत, तर २०० भागिले ०.९०, म्हणजे २२२. इथेही २०० वर दहा टक्के चढवून २२० केलंत, तर दहा टक्के कमी केल्यावर हातात १९८ येतात. दोन रुपयांची तीच जुनी चूक.

एमआरपी छापलेल्या मालात हिशोबाची दिशा उलटते. तिथे वरची हद्द ठरलेली आहे, एमआरपीच्या पुढे विकता येत नाही आणि एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. मग प्रश्न असा होतो की जास्तीत जास्त कितीला घेतलं तर मला वीस टक्के सुटतील? एमआरपी २३६ असेल तर आधी १.१८ ने भागा, २०० आले. त्यांना ०.८० ने गुणा, १६०. सेल्समन कर सोडून १६० च्या वर भाव सांगत असेल, तर पूर्ण एमआरपीला विकूनही वीस टक्के सुटणार नाहीत. आणि सेल्समन जेव्हा म्हणतो "काका, यात पंचवीस टक्के सुटतात," तेव्हा विचारायचं, कशावर? खरेदीवर पंचवीस म्हणजे विक्रीवर वीसच. दोन कंपन्यांचे सेल्समन दोन वेगळ्या पद्धतीने टक्के सांगत असतील, तर "पंचवीस" आणि "बावीस" मध्ये बावीसवाला जास्त देत असू शकतो. विक्रीवर बावीस म्हणजे खरेदीवर अठ्ठावीसच्या आसपास.

एवढं सगळं भाव लावताना केलं तरी महिनाअखेरीला खरंच वीस टक्के सुटले का हे वेगळं तपासावं लागतं. आम्ही काकांचा मागचा महिना असा काढला. सुरुवातीला दुकानात माल ६ लाखांचा, खरेदी किमतीने. महिन्यात आणखी खरेदी २ लाख ६० हजार. शेवटी मोजला तेव्हा माल ६ लाख १० हजारांचा. म्हणजे विकला गेलेला माल अडीच लाखांचा. विक्री ३ लाख. ५० हजार भागिले ३ लाख, १६.६७ टक्के. हा आकडा बघून मला चोरीची शंका राहिली नाही, कारण वीस टक्के मार्कअपचं मार्जिन बरोबर एवढंच येतं. माल चोरीला जात असता तर आकडा याच्याही खाली गेला असता. त्यामुळे तुमचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला तर आधी मार्कअप आणि मार्जिनची गल्लत तपासा, मग सवलती, आणि त्यानंतर कामावरच्या पोराकडे बघा. बिचाऱ्यावर उगाच दोन महिने नजर होती.

काकांनी सगळ्या मालाचे भाव एका दिवसात बदलले नाहीत, आणि ते शहाणपणाचं होतं. खिळे, सिमेंटच्या पाट्या, साध्या बिजागऱ्या यांचा भाव प्रत्येक मिस्त्रीला तोंडपाठ असतो. शेजारचा दुकानदार १९२ ला देत असेल तर तुमच्या २०० ला कोण विचारणार? तिथे काकांनी जुनाच भाव ठेवला. ॲल्ड्रॉप, कुलपं, फॅन्सी हँडल यात लोक नग बघून घेतात, तिथे सव्वापटीच्याही पुढे, दीडपटीपर्यंत गेले. प्रत्येक वस्तूवर ठराविक वीस टक्के हा हट्ट मला आधीपासूनच फारसा पटलेला नव्हता. एकूण विक्रीवर वीस बसले पाहिजेत, कुठे बारा, कुठे तेहतीस.

आणि एकूण आकडा वीसवर येईपर्यंत गल्ल्यातून वीस टक्के काढायचे नाहीत, सहावा हिस्सा काढायचा, असं ठरलं. ३ लाखांचा सहावा हिस्सा ५० हजार. काकांनी ते पाटीवर खडूने लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला लावलंय, "सहावा". होलसेलवाल्याचं पुढचं पेमेंट वेळेवर गेलं. घरखर्चाला मात्र दहा हजार कमी आले, आणि त्यावरून काकूंनी मला फोन करून बरंच काही ऐकवलं.